शोधलं तर सापडेल असं लिहा

प्रश्न: आमच्या मकरपुऱ्यातल्या ऑफिसात सगळी माहिती फोल्डरमध्ये लिहून ठेवली आहे, तरी मुलं दिवसभर सीनियरलाच तेच तेच विचारतात. काय करावं?

उत्तर: बहुतेक वेळा माहिती असते, पण शीर्षक जाणकाराच्या भाषेत असतं. आमच्याकडे, वडोदऱ्यातच, डिस्पॅचच्या काकांनी ‘ई-वे बिल वैधता विस्तार प्रक्रिया’ अशी छान नोंद लिहिली होती. रात्री भरुचजवळ ट्रक बंद पडला की मुलगा शोधायचा ‘गाडी बंद पडली’. काहीच यायचं नाही, मग काकांना फोन.

आम्ही दोन आठवडे काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले प्रश्न जसेच्या तसे उतरवून घेतले आणि तेच शीर्षक केलं: ‘गाडी रस्त्यात बंद पडली, ई-वे बिल संपतंय, काय करू?’ पहिल्याच ओळीत उत्तर: मुदत संपण्याआधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढ्यातच वाढवता येते. पायऱ्या त्याखाली. अगदी शेवटी लोक टाइप करतात ते शब्द, `gadi bagdi gai` सुद्धा, कारण इथली अर्धी मुलं गुजराती रोमनमध्ये लिहितात.

काकांनी एक पथ्य मात्र पाळायलाच हवं: फोनवर उत्तर न देता नोंदीची लिंक पाठवायची. नोंद नसेल तर उत्तर द्यायचं, आणि विचारणाऱ्याने ते त्याच दिवशी लिहायचं. काकांनी फक्त तपासायचं.

दर सोमवारी रिकामे गेलेले शोध बघा. तिथे जुन्याच विषयाचा नवा शब्द दिसला तर नवी नोंद करू नका, तो शब्द जुनीत घाला. प्रत्येक नोंदीवर जबाबदार माणसाचं नाव आणि तपासल्याची तारीख हवी, नियम बदलतात.