डेबिट कार्डावरचे आणि कार्डाविना हप्ते : ओटीपी सांगण्यापूर्वी काय पाहावे

प्रश्न : वॉशिंग मशीन घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणतो, क्रेडिट कार्ड नसले तरी चालेल, डेबिट कार्डावर किंवा कार्डाशिवाय शून्य टक्क्याने हप्ते करून देतो. यात खरेच व्याज नसते का? कर्ज नेमके कोण देते आणि सिबिल खराब होते का?

उत्तर :

मी बरीच वर्षे किरकोळ कर्जांच्या कामात आहे. आधी हे स्पष्ट असू द्या की दोन्ही प्रकारांत तुमच्या नावावर नवे कर्ज उघडते आणि ते दुकानदार देत नाही. डेबिट कार्डाच्या हप्त्यांत कार्ड ज्या बँकेचे आहे तीच बँक कर्ज देते. खात्यातले पैसे त्या वेळी कापले जात नाहीत, कार्ड फक्त तुमची ओळख आणि बँकेने आधीच मंजूर करून ठेवलेली मर्यादा तपासण्यासाठी वापरले जाते आणि पुढे दर महिन्याला त्याच खात्यातून हप्ता वळता होतो. कार्डाविना योजनेत पॅन, मोबाइल क्रमांक आणि ओटीपीवर एखादी बँक किंवा बिगरबँक वित्तीय कंपनी कर्ज मंजूर करते आणि हप्त्यासाठी तुमच्या खात्यावर ई-मँडेट, म्हणजे दर महिन्याला रक्कम आपोआप वळती करण्याची परवानगी, घेते.

कर्ज देणाऱ्याचे नाव काउंटरवरच्या फलकावर किंवा ॲपच्या नावात शोधू नका, कारण ते ॲप किंवा यंत्र अनेकदा केवळ मध्यस्थाचे असते. नाव पाहायचे ते ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ या कर्जाच्या मुख्य अटींच्या विवरणपत्रात. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्तीय कंपन्यांना प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी हे विवरणपत्र करारापूर्वी आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक केले आहे. त्यात कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, हप्त्यांचे वेळापत्रक, सर्व शुल्के आणि ती धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, असतो. कंपनी बिगरबँक असेल तर त्यातले पूर्ण नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील नोंदणीकृत कंपन्यांच्या यादीशी जुळवून पाहावे. फोनवर हे पाच मिनिटांचे काम आहे. ‘ऑफर आजच संपते, आत्ताच ओटीपी सांगा’ असा आग्रह झाला तर एवढे लक्षात ठेवा की सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जात विवरणपत्रातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक राहतात. दुकानाची सवलत त्या संध्याकाळी संपू शकते, पण विवरणपत्र हाती आल्यावर कर्जाच्या अटी संपत नाहीत.

आता व्याजाचे पाहू. शून्य टक्के व्याज असे वास्तवात काही नसते, हे रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते. व्याज असतेच. ते कधी उत्पादक किंवा दुकानदार सोसतो, कधी प्रक्रिया शुल्कात बसवले जाते आणि कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत तुम्हाला न देऊन वसूल होते. तुमच्याच खरेदीसारखे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यंत्राची किंमत ३०,००० रुपये आहे आणि योजना ‘दहा-दोन’ आहे, म्हणजे एकूण दहा हप्ते, त्यांपैकी दोन आगाऊ. तुम्ही काउंटरवर ६,००० रुपये भरता आणि उरलेले २४,००० रुपये दरमहा ३,००० रुपयांप्रमाणे आठ महिन्यांत फेडता. प्रक्रिया शुल्क ५९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे सुमारे ७०७ रुपये पहिल्याच दिवशी जातात. दुसरे कोणतेही शुल्क किंवा व्याज नसले तरी केवळ या ७०७ रुपयांमुळे एपीआर ८ टक्क्यांच्या आसपास येतो.

पण हेच यंत्र रोखीने किंवा यूपीआयने घेतल्यास दुकानदार २८,५०० रुपयांना द्यायला तयार असेल, तर हिशेब बदलतो. त्या किमतीतून पहिल्या दिवशी भरलेले ६,७०७ रुपये वजा केले की तुम्हाला खऱ्या अर्थाने मिळालेली उधारी २१,७९३ रुपयांचीच ठरते आणि तुम्ही परत करता २४,००० रुपये. हे २,२०७ रुपये सरासरी चार-साडेचार महिन्यांच्या उधारीवर पडतात, त्यामुळे वार्षिक दर सुमारे २६ टक्के निघतो. ही सोडलेली सवलत विवरणपत्रात कुठेच दिसत नाही, कारण ती कर्ज देणाऱ्याची आकारणी नसते. म्हणून हप्त्यांचा विषय काढण्यापूर्वी ‘रोखीने शेवटचा भाव काय?’ हे विचारून घ्यावे. क्रम उलटा झाला की भाव उतरत नाही, असा माझा अनुभव आहे. सोबत वाढीव वॉरंटी, विमा किंवा सदस्यत्व शुल्क जोडले जात आहे का, हेही विवरणपत्रात पाहा. त्यात न दाखवलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्ज देणाऱ्याला आकारता येत नाही.

सिबिलच्या बाबतीत लोक कर्ज घेण्याला घाबरतात, पण माझ्या मते अधिक नुकसान दोन वेगळ्या गोष्टींनी होते. पहिली काउंटरवरच घडते. एका कंपनीने अर्ज नाकारला की विक्री प्रतिनिधी तेच पॅन दुसरीकडे, मग तिसरीकडे टाकतो. त्यामुळे एकाच संध्याकाळी तुमच्या सिबिलच्या अहवालात अनेक चौकश्यांची नोंद होते आणि पुढे गृहकर्ज देणाऱ्याला तुम्ही पैशासाठी वणवण करत आहात असे वाटू शकते. म्हणून पहिला नकार आला की थांबा आणि दुसऱ्या कंपनीसाठीचा ओटीपी देऊ नका. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र गुण कमी होत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे परतलेला हप्ता. हप्त्याची तारीख ५ असते, पगार ७ तारखेला होतो आणि ई-मँडेट परत जातो. त्यावर कंपनीचे शुल्क वेगळे, तुमच्या बँकेचे वेगळे. हप्ता थकीत राहिला तर ३,००० रुपयांसाठीही थकबाकीचे दिवस अहवालात येतात आणि २०२५ पासून कर्जाची माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवली जात असल्याने ते लवकर दिसतात. उलट, ज्याच्या नावावर आजवर कोणतेच कर्ज नव्हते त्याला वेळेवर फेडलेल्या अशा एका छोट्या कर्जाने चांगला इतिहासही मिळतो. मात्र दोन-तीन वस्तूंसाठी दोन-तीन कर्जे एकाच वेळी उघडू नका, कारण प्रत्येक वस्तूचे कर्ज अहवालात स्वतंत्र खाते म्हणून दिसते.

वस्तू परत केल्यास कर्ज आपोआप रद्द होते असे समजू नका. दुकानदाराने व्यवहार रद्द करून रक्कम कर्ज देणाऱ्याकडे परत पाठवेपर्यंत हप्ते सुरू राहतात, त्यामुळे रद्द केल्याची पावती घ्या, कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा आणि तोवरचा हप्ता खात्यात ठेवा. हप्ता चुकवून निषेध नोंदवल्याचा फटका दुकानदाराला नव्हे, तुम्हालाच बसतो.

शेवटचा हप्ता गेल्यावर थकबाकी नसल्याचे पत्र मागवा आणि एक-दोन महिन्यांनी अहवालात खाते ‘क्लोज्ड’ झाले आहे का ते तपासा. बाउन्स शुल्काचे काही रुपये बाकी राहिल्याने खाते उघडेच राहिल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. नोंद चुकीची असेल तर तिच्याकडे किंवा कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईची तरतूद आहे, आणि कर्ज देणाऱ्याने दाद दिली नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार नोंदवता येते.