शाळेचा दाखला हरवलाय? आधी जी.आर. नंबर शोधा

ताई, अर्ज लिहायच्या आधी एक आठवा: बारावीनंतर दाखला कॉलेजात जमा तर केला नव्हता? पुष्कळदा तो हरवलेला नसतो, प्रवेशाच्या फाइलमध्ये पडून असतो.

खरंच हरवला असेल तर सगळं शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या तुमच्या नोंदीच्या क्रमांकावर, म्हणजे जी.आर. नंबरवर अवलंबून असतं. वडोदऱ्यात दांडिया बाजारातून मांजलपूरला घर बदलताना माझ्या बहिणीचा दाखला गेला. शाळेत नुसतं नाव सांगितलं, तर कारकुनाने जाडजूड रजिस्टरांच्या थप्पीकडे बोट दाखवलं. मग जुन्या प्रगतिपुस्तकाच्या कोपऱ्यात नंबर सापडला आणि पान लगेच निघालं. नंबर नसेल तर शाळा सोडल्याचं वर्ष, इयत्ता आणि जन्मतारीख लिहून न्या.

मग एवढं करा:
- हरवल्याची पोलिसांत नोंद करून पावती घ्या.
- नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या.
- मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या. सोबत ओळखपत्र आणि जुनी झेरॉक्स जोडा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्याच.

शाळा शेवटची हवी. प्राथमिक शाळेत गेलात तर हेलपाटा होईल.

नवखे लोक सर्रास एक चूक करतात: याच अर्जात नाव किंवा जन्मतारीख दुरुस्त करून मागतात. दुसरी प्रत रजिस्टरवरून जशीच्या तशी उतरवतात, वर ‘डुप्लिकेट’ शिक्का मारतात. दुरुस्तीचा अर्ज वेगळा असतो, तो नंतर बघू. प्रत हातात आली की काउंटरवरच स्पेलिंग, जन्मतारीख, सही-शिक्का तपासा.

शाळाच बंद झाली असेल तर जिल्हा शिक्षणाधिकारी कार्यालयात रेकॉर्ड कुठे गेलं ते विचारा.