आगीच्या विम्याचे पैसे उत्पन्नात धरायचे का?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मे महिन्यात आग लागली, विम्याचे २० लाख आले, तेही बँकेने कर्जखात्यात वळते केले. नुकसानभरपाईवर टॅक्स नसतो म्हणतात, खरं का? भाजलेल्या कामगाराला भरपाई मिळाली, त्याचं काय?

उत्तर: सोलापुरातल्या बऱ्याच कारखानदारांची रिटर्न्स मी भरतो. तुमच्यासारखा एकरकमी आकडा आला की मी आधी सर्व्हेअरचा असेसमेंट रिपोर्ट मागतो. पैसे कशाच्या बदल्यात आले, यावर सगळं ठरतं. ते बँकेनं परस्पर वळते केले तरी मिळाले ते तुम्हालाच, कारण त्यातून तुमचंच कर्ज फिटलं.

समजा, २० लाखांत ८ लाख सूत आणि तयार मालाचे, १२ लाख लूमचे आहेत. जळालेला माल ९ लाखांचा होता. तो अखेरच्या साठ्यात दिसणार नाही, म्हणजे ९ लाख खर्चात गेलेच. म्हणून ८ लाख धंद्याच्या जमेला धरायचे. खरा तोटा १ लाखाचा. जमा न दाखवता खर्च पूर्ण घेतलात, तर ऑडिटमध्ये ते लगेच उघडं पडतं. जळालेल्या सुतावर घेतलेलं जीएसटी क्रेडिटही उलटवावं लागतं, हे बहुतेक जण विसरतात.

लूमचं गणित वेगळं. यंत्रांच्या ब्लॉकची, म्हणजे एकाच दराने घसारा लागणाऱ्या सगळ्या यंत्रांच्या गटाची, घसारा वजा जाता किंमत १० लाख असेल, तर १२ लाख त्यातून वजा होतात आणि वरचे २ लाख अल्पकालीन भांडवली नफा ठरतात. पण ३१ मार्चच्या आत ६ लाखांचे लूम घेतले, तर १० अधिक ६ वजा १२, म्हणजे ब्लॉकमध्ये ४ लाख उरतात आणि नफा निघतच नाही. सेकंडहँड लूमही चालतात. क्लेम मार्चमध्ये मिळाला तर मात्र धावपळ होते, म्हणून ऑर्डर आधीच देऊन ठेवा.

‘टॅक्स नसतो’ हे ऐकीव कुठून आलं, तेही सांगतो. जळालेलं यंत्र हे ‘हस्तांतरण’ नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ साली वानिया सिल्क मिल्सच्या खटल्यात म्हटलं होतं. सरकारने १९९९ च्या वित्त कायद्यात आग, पूर, दंगलीत नष्ट झालेल्या मालमत्तेच्या विम्यासाठी खास तरतूद घालून ती वाट बंद केली. जुना निकाल मात्र अजून चहाच्या टपरीवर चालतो. नफा बुडाल्याची पॉलिसी असेल, तर ती रक्कम सरळ धंद्याचं उत्पन्न. तिथे वादच नाही.

कामगाराचं निराळं आहे. भाजलेला हात हा काही त्याचा विक्रीचा माल नव्हे, त्यामुळे दुखापतीची भरपाई उत्पन्नात येत नाही. ते पैसे त्याने एफडीत ठेवले, तर तिथलं व्याज मात्र दरवर्षी उत्पन्नात धरावं लागेल.