जंतू एकच, मग एकाला वर्षानुवर्षे इंजेक्शन आणि दुसऱ्याला का नाही?

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. महिन्यापूर्वी घसा दुखून ताप आला, तो दोन दिवसांत गेला. मग गुडघा सुजला, तो बरा होतो न होतो तोच घोटा धरला. आता डॉक्टर म्हणतात हृदयाची झडप गळते, दर 21 दिवसांनी इंजेक्शन द्यायचं. घशाचा हृदयाशी काय संबंध? – एक आई, चोपडा

ताई, तुम्ही सांगितलेला क्रम रूमॅटिक फीवरचा आहे. घसा, मधे दोन-तीन आठवडे सगळं ठीक, मग एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी सूज. मधल्या शांत दिवसांतच खरी गोष्ट घडलेली असते.

घशात आलेल्या ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या अंगावर ‘एम’ प्रथिनाचे केस असतात. प्रत्येक केस म्हणजे दोन पेड एकमेकांवर पिळलेली सुतळी. तिच्याविरुद्ध शरीर अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, तयार करतं. ती तयार व्हायलाच हे आठवडे जातात. अडचण अशी की हृदयाच्या स्नायूतलं मायोसिन तशाच पिळाचं असतं आणि झडपेच्या अस्तराखालचं लॅमिनिनही त्याच्याशी मिळतंजुळतं. काही मुलांत जंतूसाठी बनलेली प्रतिपिंडे या आपल्याच प्रथिनांना चिकटतात. झडपेचं अस्तर सुजतं, त्यातून टी पेशी नावाच्या संरक्षक पेशी आत शिरतात, आणि नाजूक झडप पुढे जाड आणि आखूड होते. बहुधा डाव्या बाजूची मायट्रल झडप सापडते. म्हणजे मुलीच्या हृदयात जंतू बसलेला नाही. घसा बरा झाला तरी झडप गळू शकते ती यामुळेच.

सांध्यांची सूज मात्र खूण न ठेवता जाते. ॲस्पिरिनसारख्या औषधाने ती दोन-तीन दिवसांत इतकी उतरते की घरच्यांना आजार संपला असं वाटतं. माझा अनुभव असा, की इंजेक्शन बंद करण्याचा निर्णय नेमका याच टप्प्यावर घेतला जातो. तसं करू नका. झडप दुखत नाही, म्हणून तिची स्थिती दुखण्यावरून कळत नाही. इको करूनच कळते.

सात वर्षांच्या मुलाला खरूज झाली, खाजवून फोड पिकले. ते सुकल्यावर तीन आठवड्यांनी सकाळी डोळे सुजलेले दिसले आणि लघवी काळ्या चहासारखी. किडनीला सूज आहे म्हणाले. किडनी कायमची जाईल का? – एक वडील, शहादा

भाऊ, बहुतेक मुलांची जात नाही. पण पहिला आठवडा जपायचा असतो. तुमच्या मुलासारखाच माझ्याकडे आलेला एक मुलगा सांगतो, म्हणजे कशावर नजर ठेवायची ते कळेल.

त्याचं नेहमीचं वजन 22 किलो, आला तेव्हा 24.5. हे अडीच किलो म्हणजे अंगात साठलेलं पाणी. रक्तदाब 136/92, त्या वयाला फारच जास्त. लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर लाल पेशी वेड्यावाकड्या झालेल्या, आणि त्यांच्याच नळीच्या आकाराच्या कांड्या, ज्यांना आम्ही कास्ट म्हणतो. रक्त मूत्राशयातून नाही, किडनीच्या गाळणीतून येतंय, हे या कांड्या सांगतात.

इथे हृदयासारखी चुकीची ओळख हे मुख्य कारण नसतं. पिकलेल्या फोडांतला जंतू तोच, ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस. त्याची काही प्रथिनं रक्तातून किडनीच्या गाळणीत जाऊन अडकतात. मागून प्रतिपिंडे येतात आणि तिथेच त्यांना चिकटतात. हे गठ्ठे म्हणजे इम्यून कॉम्प्लेक्स. गठ्ठा बसला की रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं पेटतात, गाळणी सुजते आणि फाटते. या पेटण्यात सी-3 नावाचं प्रथिन खर्ची पडतं, म्हणून रक्तात ते खाली येतं. या मुलाचं 24 होतं. असायला हवं 90 च्या वर.

आम्ही मीठ बंद केलं, पाणी मोजून दिलं, लघवीचं औषध आणि रक्तदाबाची गोळी दिली. आजीला सर्वांत जड गेलं ते लोणचं, बिबडे आणि खारे शेंगदाणे बंद करणं. ‘पोरगं जेवणार कसं?’ हा तिचा प्रश्न रास्तच होता. चौथ्या दिवशी लघवी सुटली, वजन 22.3 वर आलं. सातव्या आठवड्यात सी-3 परत 96 झालं. लघवीतल्या लाल पेशी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली नऊ महिने दिसत राहिल्या. ते चालतं, वर्षभरही दिसू शकतात.

तुम्ही घरी वजन रोज सकाळी करा. जोराची डोकेदुखी, उलटी, अंधुक दिसणं किंवा झटका आला तर रक्तदाब मेंदूपर्यंत पोचलाय असं समजून लगेच दवाखाना गाठा. आणि सी-3 सहा ते आठ आठवड्यांनी तपासायला विसरू नका. तीन महिन्यांनंतरही ते खालीच राहिलं, तर हा आजार दुसराच असण्याची शक्यता असते आणि किडनीचा तुकडा तपासावा लागतो.

घरात कुणाला खरूज असेल तर सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावा.

शेजारच्या मुलीला हृदयासाठी दर तीन आठवड्यांनी सुई, आमच्या मुलाला किडनीसाठी काहीच नाही. जंतू तर एकच ना? – त्याच वडिलांचा दुसरा प्रश्न

प्रश्न अगदी नेमका आहे. ‘एम’ प्रथिनाचे दोनशेहून जास्त प्रकार माहीत आहेत. किडनी सुजवणारे प्रकार त्यातले थोडेच. एकदा त्यातल्या एकाशी गाठ पडली की त्याच प्रकाराविरुद्धचं संरक्षण बराच काळ टिकतं. म्हणून हा आजार सहसा पुन्हा होत नाही आणि इंजेक्शन लागत नाही.

रूमॅटिक फीवरचं उलटं. ज्या मुलाच्या शरीराने एकदा स्वतःलाच जंतू समजण्याची चूक केली, ते घशात दुसऱ्या प्रकाराचा जंतू आला तरी तीच चूक पुन्हा करू शकतं. प्रत्येक वेळी झडपेवर आणखी एक घाव. दोनशे प्रकारांपासून वाचवायचं तर जंतूला घशात घर करूच द्यायचं नाही, हाच उपाय. बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूत हळूहळू विरघळतं आणि साधारण तीन आठवडे पुरतं. तारीख चुकली की तेवढे दिवस दार उघडं. झडप बिघडलेली असेल तर हा क्रम किमान दहा वर्षं आणि बहुधा चाळिशीपर्यंत चालतो.

घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तर रूमॅटिक फीवर टाळता येतो. किडनीच्या सुजेबद्दल तशी खात्री देता येत नाही.

माझं वय 34. गुडघे दुखतात म्हणून रक्त तपासलं, एएसओ 400 निघालं. दर 21 दिवसांनी इंजेक्शन घ्यायला सांगितलं आहे. घेऊ का? – एक वाचक, भुसावळ

एवढ्या एका आकड्यावर नाही. एएसओ म्हणजे स्ट्रेप्टोकोकसच्या एका विषाविरुद्धची प्रतिपिंडे. ते इतकंच सांगतं की मागच्या काही महिन्यांत हा जंतू बहुधा येऊन गेला. ज्या विषाविरुद्ध ते मोजतात त्याचा झडपेशी संबंध नाही. शाळेतल्या धडधाकट मुलांतही ते वाढलेलं सापडतं. उलट, फोडांनंतरच्या किडनीच्या आजारात ते सामान्य असू शकतं, कारण त्वचेतली चरबी ते विष निकामी करते. तिथे अँटी-डीएनेज बी तपासावं लागतं. वर सांगितलेल्या मुलाचंही एएसओ सामान्यच होतं.

निदान होतं ते जोन्स निकषांवर: फिरती सूज, हृदयाचा दाह, हातापायांच्या अनावर हालचाली, त्वचेवरच्या खुणा, आणि त्यांच्या जोडीला जंतूचा पुरावा. 34 व्या वर्षी पहिला झटका विरळाच. मात्र लहानपणी असा ताप येऊन गेला असेल किंवा चढण चढताना दम लागत असेल, तर इको करून घ्या. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हे इंजेक्शन नेमकं कशाच्या आधारावर देताय?’ पूर्वी कधी झडपेचं निदान झालेलं असेल, तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय एकही सुई चुकवू नका.