काळ्या मातीत पुरलेला पीव्हीसी ड्रेनेज पाइप का बसतो, आणि परत टाकताना त्याच्या खाली व बाजूंना काय भरावे

प्रश्न: घरापासून रस्त्याच्या चेंबरपर्यंत ११० मिमीची १२ मीटर पीव्हीसी लाइन दोन वर्षांपूर्वी काळ्या मातीत टाकली. ती सारखी तुंबते. उकरून पाहिले तर मधला जोड खाली गेलेला आणि तिथला सॉकेट तडकलेला निघाला. पाइपच हलका होता का? परत टाकताना खाली काय घालू?

पाइपावरचा छापा एकदा वाचून घ्यावा. जमिनीखालच्या ड्रेनेजसाठीचा पाइप आयएस १५३२८ या मानकाचा असतो, तर आयएस १३५९२ हे मानक इमारतीच्या सांडपाण्याच्या पाइपांचे आहे. मात्र मधला जोड खाली जाणे आणि नेमका तिथलाच सॉकेट तडकणे या दोन गोष्टी एकत्र दिसतात, तेव्हा दोष बहुधा पाइपात नसून त्याच्या खालच्या आणि बाजूच्या भरावात असतो.

सिमेंटचा ह्यूम पाइप मातीचे ओझे मुख्यतः स्वतःच्या ताकदीवर पेलतो, पीव्हीसी पाइप तसे करत नाही. वरून भार आला की तो किंचित चपटा होतो, त्याच्या दोन्ही बाजू बाहेर सरकू पाहतात, आणि बाजूला घट्ट बसलेली खडी किंवा वाळू त्यांना अडवते. हे अडवणे हाच पाइपाचा खरा आधार असतो. अमेरिकेतील अभियंता स्पँगलर यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या सूत्राने अंदाज घेतला, तर एक मीटर मातीखालचा एसएन ४ या कडकपणाच्या वर्गाचा पाइप बाजूंना खडी भरलेली असताना अर्ध्या-पाऊण टक्क्याने चपटा होतो, आणि बाजूंना नुसती सैल माती लोटलेली असेल तर तोच पाइप सुमारे पाच टक्क्यांनी चपटा होतो. ११० मिमीच्या पाइपात पाच टक्के म्हणजे साडेपाच मिमी. पाइप तोच, खोली तीच, फरक केवळ भरावाचा आहे. पाइपात एवढा चपटेपणा एकवेळ चालून जातो, पण सॉकेटच्या तोंडाशी तो आला की रबर रिंगवरचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही आणि जोड गळू लागतो.

आपल्या लाइनीतील झोळ मात्र चपटेपणामुळे पडलेला नाही. तो पाइपाच्या लांबीत पडलेला आहे आणि त्याचे कारण खालच्या थरात आहे. लाइन तीन-तीन मीटरच्या चार पाइपांची आणि उतार ८० ला १ असा धरला, तर १२ मीटरमध्ये एकूण उतार १५० मिमी मिळतो आणि प्रत्येक पाइपाच्या वाट्याला साडेसदतीस मिमी येतात. म्हणजे मधला जोड साडेसदतीस मिमी बसला, तरी त्याच्या पुढचा पाइप सपाट होतो. तो ६० मिमी बसला, तर पुढच्या पाइपाला साडेबावीस मिमीचा उलटा चढ मिळतो आणि त्या खोलगटात जवळजवळ पावणेचार मीटर लांबीचे पाणी कायमचे साठून राहते. वरून येणारा मैला या साठ्यापाशी पोहोचला की त्याचा वेग मोडतो, जड भाग तळाला बसतो, त्यावर साबणाचा आणि तेलाचा थर धरतो. लाइन साफ करून घेतली तरी काही आठवड्यांत ती पुन्हा का तुंबते, याचे उत्तर यात आहे. त्याच वेळी मधल्या जोडाला सुमारे सव्वादोन अंशांचा बाक येतो. सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेल्या जोडाला तो सोसत नाही. रबर रिंगच्या जोडाला थोडा बाक सोसतो, पण सॉकेटच्या खाली दगड किंवा वीट असेल, तर सगळा भार त्या एका बिंदूवर येऊन सॉकेट चिरतो.

वीट असण्याची शक्यता मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आपल्याकडे उतार साधण्याची ती सर्वात रुळलेली पद्धत आहे. चर हवा त्यापेक्षा जास्त खोल जातो, मग पाइपाखाली जागोजागी विटांचे तुकडे ठेवून लाइनदोरीने उतार जुळवला जातो आणि खोदून काढलेली माती फावड्याने परत लोटली जाते. त्या दिवशी उतार अगदी बरोबर भरतो. पण पाइप आता दोन विटांच्या मध्ये अधांतरी असतो, खालची ढेकळे पहिल्या पावसाळ्यात विरघळून दबतात, वरची ओली माती पाइपाला खाली रेटते, आणि विटा मात्र जागच्या जागी राहतात. आपण पुन्हा उकरताना तडकलेल्या सॉकेटच्या आसपास हात घालून पाहावे. टणक तुकडा एका ठिकाणी आणि पोकळी त्याच्या शेजारी, अशी स्थिती दिसली तर कारण निश्चित झाले असे समजावे.

आता परत टाकण्याविषयी. चराची रुंदी ४०० ते ४५० मिमी ठेवावी. त्याहून अरुंद चरात पाइपाच्या बाजूंना हात किंवा पाय पोहोचत नाही आणि भराव नीट बसवता येत नाही. तळातील सैल, ओली काळी माती पूर्ण काढून टाकावी आणि मुरमाचा थर देऊन तो धुमसाने ठोकावा. काळ्या मातीवर थेट खडी टाकली, तर पावसाळ्यात चिखल खालून खडीच्या पोकळ्यांत घुसतो आणि थर हळूहळू खचतो, म्हणून मधला मुरूम वगळू नये. त्यावर १०० मिमी जाडीचे बेडिंग घालावे. त्यासाठी १० मिमी खडी किंवा खडी-क्रशरवरची जाड कच चांगली. उतार या थरातच रंध्याने काढून घ्यावा, पाइपाखाली पाचर किंवा वीट ठेवून नव्हे. प्रत्येक सॉकेट जिथे येणार, तिथे बेडिंगमध्ये हाताने छोटा खळगा करावा, म्हणजे पाइप त्याच्या संपूर्ण लांबीवर टेकतो आणि सॉकेट मोकळा राहतो. हे काम प्रत्येक जोडाला दोन मिनिटांचे आहे, आणि माझ्या मते संपूर्ण लाइनीत त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

जोड रबर रिंगचेच घ्यावेत. पाइप सॉकेटमध्ये पूर्ण ढकलून खूण करावी आणि मग सुमारे १० मिमी मागे ओढावा. पीव्हीसी तापमानाने बराच वाढतो, आणि तीन मीटरच्या पाइपाची लांबी तीस अंशांच्या फरकाने पाच-सहा मिमी बदलते. ती मोकळीक जोडात ठेवली नाही, तर पाइप एकमेकांना रेटतात.

यानंतर हाँचिंग येते, म्हणजे पाइपाच्या गोलाईखाली दोन्ही बाजूंना जी पाचरीसारखी जागा उरते ती भरणे. पाइप बेडिंगवर टेकतो तो एका अरुंद पट्टीवर. त्याच्या दोन्ही कडांची ही जागा वरून दिसत नाही, फावड्याने टाकलेला माल तिच्यात आपोआप जात नाही, आणि वरून कितीही ठोकले तरी ती पोकळच राहते. खडी किंवा कच थोडी थोडी टाकून फळीच्या टोकाने ती पाइपाखाली तिरकी सारावी लागते, आळीपाळीने दोन्ही बाजूंना, नाहीतर पाइप एका बाजूला सरकतो. पाइपाच्या अर्ध्या उंचीपर्यंत हे नीट झाले की पुढचे काम सोपे असते. तोच माल साधारण १०० मिमीच्या थरांनी पायाने दाबत पाइपाच्या माथ्यावर किमान १०० मिमीपर्यंत न्यावा. त्यावर चाळलेली, दगड आणि ढेकळे नसलेली माती किंवा मुरूम घालावा. माथ्यावर ३०० मिमी भराव होईपर्यंत यंत्राचे धुमस चालवू नये.

भराव बसवण्यासाठी चरात पाणी सोडण्याची पद्धत येथे टाळावी. स्वच्छ वाळूत ती काही प्रमाणात चालते, काळ्या मातीत मात्र नुसता चिखल होतो. शिवाय ११० मिमीचा रिकामा पाइप दर मीटरला साडेनऊ किलो पाणी बाजूला सारतो आणि त्याचे स्वतःचे वजन मीटरला दीड किलोच्या आसपास असते. म्हणजे वर पुरेसा भराव नसताना पाण्यात बुडालेला पाइप मीटरमागे आठ किलोंच्या जोराने वर उचलला जातो, त्याच्या खाली गाळ शिरतो, आणि पाणी ओसरल्यावर तो उंचवटा तसाच राहतो. लाइन जिथे वर आलेली असते, तिच्या अलीकडे पाणी साठते.

अनेक मिस्त्री यावर उपाय म्हणून पूर्ण पाइप काँक्रीटमध्ये गाडण्याचा सल्ला देतात. सलग काँक्रीट काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने तडकते आणि ती तडक आतल्या पाइपाला सोबत घेऊन जाते. पाइप इतका उथळ असेल की काँक्रीटशिवाय पर्याय नाही, तर प्रत्येक सॉकेटपाशी थर्माकोलसारखी दबणारी फळी घालून काँक्रीट पूर्ण तोडावे, म्हणजे हालचाल जोडातच होईल. बागेखाली माथ्यावर ६०० मिमी आणि गाडी जाते तिथे ९०० मिमी माती असेल, तर काँक्रीटची गरज पडत नाही.

चेंबरच्या भिंतीजवळ विशेष काळजी घ्यावी, कारण जड चेंबर आणि हलका पाइप सारखे बसत नाहीत. भिंतीत घट्ट अडकलेला लांब पाइप तिथे मोडतो. म्हणून भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठापासून १५० मिमीच्या आत एक जोड द्यावा, पुढे सुमारे ६०० मिमीचा छोटा तुकडा घालावा आणि मग पुन्हा जोड द्यावा. भिंत आणि लाइन वेगवेगळी बसली, तरी मधला तुकडा किंचित झुकतो आणि दोन्ही जोड शाबूत राहतात. भिंतीत जाणाऱ्या पाइपावर सॉल्व्हंट सिमेंट लावून कोरडी वाळू चिकटवून घ्यावी, कारण गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंटचा माल धरत नाही आणि त्या फटीतून चेंबरचे पाणी भरावात झिरपते. काळ्या मातीत असे झिरपलेले पाणी एकाच ठिकाणची माती फुगवते, आणि जोडांवर पुन्हा ताण येतो.

चर बुजवण्याआधी पाइपाच्या मधल्या भागांवर माती टाकून जोड उघडे ठेवावेत, खालचे तोंड बंद करून लाइन पाण्याने भरावी आणि अर्धा तास पातळी पाहावी. सगळा भराव पूर्ण झाल्यावर दुसरी तपासणी करावी, आणि ती बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही. पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा सुमारे १३ मिमी लहान असा गुळगुळीत गोळा वरच्या चेंबरमधून सोडावा. तो कोठे अडकला तर पाइप चपटा झाला आहे किंवा जोडात माल अडकला आहे. मग बादलीभर पाणी सोडून, ते वाहून गेल्यावर एका चेंबरमध्ये विजेरी आणि दुसऱ्यात आरसा धरून पाहावे. पाइपाच्या तळाला चमकणारी पाण्याची पट्टी दिसली, तर झोळ त्याच ठिकाणी आहे, आणि पैसे चुकते करण्याआधी तेवढा भाग उकरून घ्यावा.