मिक्सर घ्यावा की बिलातून पैसे वजा करून घ्यावेत?

क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांबद्दल गेल्या काही महिन्यांत इतकी पत्रं आली आहेत की वेगवेगळी उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. प्रश्न वेगळे दिसतात, पण गोंधळ एकच आहे. पॉइंटाला स्वतःची किंमत नसते. तुम्ही तो कुठल्या दारातून बाहेर काढता त्यावर ती ठरते.

माझ्या कार्डावर 8,000 पॉइंट जमले आहेत. म्हणजे 8,000 रुपयेच ना?

नाही. एसबीआय कार्डाच्या बऱ्याच कार्डांवर 4 पॉइंटांचा 1 रुपया होतो, म्हणजे तुमचे 2,000 रुपये. कार्ड दुसऱ्या बँकेचं असेल तर त्या कार्डाचा दर बँकेच्या संकेतस्थळावर बघा. शेजाऱ्याच्या कार्डाचा दर तुमच्या उपयोगाचा नाही.

रेगालिया कार्डावर 12,000 पॉइंट आहेत. कॅटलॉगमध्ये 11,400 पॉइंटांना मिक्सर दिसतोय, त्याची किंमत 3,990 रुपये लिहिली आहे. स्टेटमेंट क्रेडिट, म्हणजे बिलातून वजावट, घेतलं तर तेवढ्याच पॉइंटांचे फक्त 2,280 मिळतात. मिक्सरमध्ये सरळसरळ 1,710 रुपयांचा फायदा नाही का?

इथे जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त लोक याच आकड्याला फसतात आणि मला राग येतो तो याच आकड्याचा.

एचडीएफसीच्या रेगालिया कार्डाचे जे दर प्रसिद्ध आहेत त्यांत विमान-हॉटेलसाठी पॉइंटाला 50 पैसे, कॅटलॉगमधल्या वस्तू आणि व्हाउचरसाठी 35 पैशांपर्यंत, आणि बिलातून वजावटीसाठी 20 पैसे मिळतात. तुमचे आकडे या दरांशी बरोबर जुळतात. 11,400 ला 35 पैशांनी गुणलं की 3,990 आणि 20 पैशांनी गुणलं की 2,280. हिशेबात चूक नाही. चूक आहे ती 3,990 या आकड्यावर विश्वास ठेवण्यात.

तो 3,990 कुठून आला? कॅटलॉगमध्ये बहुतेक वेळा वस्तूची एमआरपी किंवा तिच्या आसपासची किंमत धरलेली असते. एमआरपी म्हणजे त्यापुढे विकता येत नाही ती मर्यादा. त्या किमतीला मिक्सर कोणी विकत घेत नाही. म्हणून मॉडेल नंबर लिहून घ्या, हो, पूर्ण मॉडेल नंबर, वॅट आणि भांड्यांच्या संख्येसकट, आणि तोच मिक्सर दोन ऑनलाइन दुकानांत आणि गावातल्या एका भांड्यांच्या दुकानात विचारा. नाव तेच पण भांडं एक कमी, असले प्रकार मी पाहिलेत. समजा बाहेर तो 2,750 रुपयांना मिळतोय. मग तुमच्या 11,400 पॉइंटांच्या बदल्यात तुमच्या हातात आले 2,750, 3,990 नव्हे. पॉइंटाला 24 पैसे पडले.

आता त्यातून शुल्क काढा. अनेक कार्डांवर पॉइंट वळते करायला दर वेळी 99 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 116 रुपये 82 पैसे. ते पुढच्या बिलात येतं म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही. मिक्सर घेतला तर निव्वळ 2,633 रुपये हातात आले आणि स्टेटमेंट क्रेडिट घेतलं तर निव्वळ 2,163. फरक 470 रुपयांचा, 1,710 चा नाही.

आणि हे 470 रुपये तरी केव्हा खरे? तुम्ही मिक्सर घेणारच होतात तर. जुना मिक्सर चालू असेल, आणि हा नवा माळ्यावर जाणार असेल किंवा कोणाच्या तरी वास्तुशांतीला, तर स्वतःला विचारा की रोख पैसे देऊन मी हा कितीला घेतला असता? उत्तर 2,280 च्या खाली येत असेल तर बिलातून वजावट बरी. शुल्क दोन्हीकडे सारखंच लागतं, म्हणून सीमारेषा बरोबर 2,280 वर पडते. एका कार्डाच्या पॉइंटांवर मी स्वतः अशीच एक ट्रॉली बॅग घेतली होती, केवळ पॉइंट होते म्हणून. तिचं चाक पहिल्याच प्रवासात निखळलं; माझ्या मनातली तिची किंमत त्या दिवशी ठरली.

पण तुम्ही तिसरं दार पाहिलंच नाही. त्याच 35 पैशांच्या दराने व्हाउचर मिळतात. जिथून तुम्ही एरवीही किराणा किंवा घरसामान घेता त्या दुकानाचं 3,500 रुपयांचं व्हाउचर 10,000 पॉइंटांना मिळत असेल, तर त्यातून 2,750 चा मिक्सर घ्या. 750 रुपये किराण्याला उरतात आणि वर 2,000 पॉइंट शिल्लक राहतात. शुल्क वजा करूनही मिक्सर आणि स्टेटमेंट क्रेडिट दोन्ही मागे पडले. मात्र घेण्याआधी तीन गोष्टी बघा. त्या व्हाउचरला खरंच 35 पैसे मिळतात का, कारण 'पर्यंत' या शब्दात बरंच काही मावतं. मुदत किती आहे. आणि ते एकाच खरेदीत संपवावं लागतं का. तसं असेल तर उरलेले 750 गेले. दर बदलत असतात, म्हणून बटण दाबण्याआधी त्या दिवशीचा दर पडद्यावर वाचा आणि शंका असेल तर बँकेला ईमेलने विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर नंतर कोणी मान्य करत नाही.

जाता जाता, तुमचा प्रवास ठरलेलाच असेल तर 50 पैशांचं दार सगळ्यांत रुंद आहे. पण तिथेही तेच तिकीट बाहेर कितीला आहे ते बघायचं. पॉइंट आहेत म्हणून प्रवास काढू नका.

2,400 रुपयांचं स्टेटमेंट क्रेडिट घेतलं. बिलात किमान देय रक्कम 1,150 होती, ती त्यात भागली असं समजून काहीच भरलं नाही. तरी लेट फी आणि व्याज लागलं. ही फसवणूक नाही का?

फसवणूक नाही, अटींत लिहिलेलं असतं. बऱ्याच बँका पॉइंटांची वजावट 'भरणा' म्हणून धरत नाहीत. एकूण थकबाकी 2,400 ने कमी होते, पण किमान देय रक्कम तुम्ही स्वतः, वेळेत, खात्यातून भरायची असते. शिवाय क्रेडिट जमा व्हायला काही दिवस लागतात. ते बिल निघाल्यानंतर आलं तर पुढच्या बिलात दिसतं.

आता हिशेब बघा. कार्डावरचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन ते पावणेचार टक्के. 18,000 थकले तर एका महिन्याचे 630 ते 675 रुपये, त्यावर जीएसटी, वर लेट फी. पॉइंटांनी जे दिलं त्यातलं बरंचसं असं परत गेलं. देय तारखेनंतर तीन दिवसांच्या आत पैसे भरले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार लेट फी लावता येत नाही; तुमच्या बाबतीत तसं असेल तर बँकेकडे आजच लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. तसं नसेल तर एकदाची चूक म्हणून फी माफ करायची विनंती करा. करतात कधीकधी. पण आधी थकबाकी भरा, विनंती नंतर.

'तुमचे 9,850 रुपयांचे पॉइंट आज रात्री संपणार' असा लिंकसकट मेसेज आलाय. घाई करू का?

लिंक उघडू नका. पॉइंट बघायचे तर बँकेचं ॲप स्वतः उघडून बघा. कार्ड नंबर किंवा ओटीपी आधीच दिला असेल तर हे वाचत बसू नका, कार्ड ब्लॉक करा आणि 1930 ला फोन लावा.

मुलीचं लग्न तीन वर्षांनी आहे. तोवर पॉइंट साठवून एकदम मोठी भेट घ्यावी असं यजमान म्हणतात.

यजमानांना सांगा, पॉइंट म्हणजे मुदतठेव नव्हे. त्यावर व्याज नाही, विमा नाही, आणि दर ठरवण्याचा हक्क बँकेकडे आहे. एसबीआय कार्डाचे पॉइंट साधारण 24 महिन्यांत संपतात. इतर अनेक कार्डांवरही दोन-तीन वर्षांची मुदत असते. म्हणजे आज जमलेले पॉइंट लग्नापर्यंत जगतीलच असं नाही. जगले तरी 35 पैशांचे 25 झाले तर 20,000 पॉइंटांवर 2,000 रुपये बसल्या जागी गेले, आणि दाद कोणाकडे मागणार? कार्ड बंद केलं किंवा हप्ते थकले तर शिल्लक पॉइंट बहुधा जप्त होतात, ते आणखी वेगळं.

माझी पद्धत सांगते. शुल्क दर वेळी लागतं, म्हणून किरकोळ किरकोळ काढायचे नाहीत. 1,000 पॉइंटांचे 200 रुपये काढायला 117 रुपये देणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर्षातून एकदा, मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी काढायचे. स्टेटमेंट क्रेडिटला काही कार्डांवर महिन्याची मर्यादा असते, म्हणून हे दोन महिने हाताशी हवेत. शेवटच्या आठवड्यात जागं झालेल्या माणसाच्या गळ्यात कॅटलॉगमधला डिनर सेटच पडतो. आलेले पैसे लग्नासाठी आवर्ती ठेवीत टाका, यजमान खूश.

कंपनीच्या कार्डावरचे पॉइंट घरच्यासाठी वापरले तर चालतं का?

आधी कंपनीच्या अकाउंट्स विभागाला लेखी विचारा. करासंबंधी तुमच्या सीएला विचारा. मला नको.

पॉइंटांवर मागवलेली इस्त्री फुटलेली आली. बँक म्हणते दुकानदाराशी बोला, दुकानदार म्हणतो बँकेशी बोला. पॉइंट परत मिळतील का?

स्टेटमेंट क्रेडिटमध्ये असला त्रास नाही, हे कोणी हिशेबात धरत नाही. कॅटलॉगच्या अटींत मोडक्या वस्तूची तक्रार किती दिवसांत करायची ते दिलेलं असतं, आणि ते दिवस फार थोडे असतात. पत्रावरच्या तारखेवरून तुमचे अकरा दिवस गेले आहेत. फुटलेल्या इस्त्रीचा, खोक्याचा आणि त्यावरच्या पत्त्याच्या चिठ्ठीचा फोटो काढा आणि ऑर्डर क्रमांक लिहून बँकेच्या तक्रार विभागाला आजच ईमेल करा, दुकानदाराला प्रत लावून. खोकं टाकून दिलं असेल तर तेही लिहा, लपवू नका. वस्तूसोबत बिल आलं नसेल तर तेही मागा, कारण बिलाशिवाय कंपनीचं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत हात लावेलच असं नाही. बदली वस्तू बहुधा देतात. पॉइंट परत हवे असतील तर तसं त्याच ईमेलमध्ये स्पष्ट मागा. आणि पुढच्या वेळी कुरियरवाला दारात असतानाच खोकं उघडा, व्हिडिओ चालू ठेवून.