पोर्टल बंद पडलं, नोटिशीची मुदत हुकली

प्रश्न: जीएसटीच्या नोटिशीला उत्तर द्यायची काल शेवटची तारीख होती, पोर्टलच उघडलं नाही. आता काय करू?

उत्तर: कराच्या मागणीचा DRC-07 आदेश निघाला नसेल तर आजच उत्तर आणि मुदतवाढीचा अर्ज द्या. कलम 75(5) नुसार पुरेसं कारण दाखवलं तर अधिकारी जास्तीत जास्त तीनदा सुनावणी पुढं ढकलू शकतो. मात्र ते त्याला पटलं पाहिजे.

आपल्या खेड्यात खरी अडचण पुराव्याची. "तुमच्याच गावची रेंज गेली असेल" असं अधिकाऱ्यानं म्हटलं की संपलं. दारव्ह्याकडच्या एका कृषी केंद्रवाल्याला मी मोबाईलवर सलग व्हिडिओ काढायला लावला: आधी दुसरी वेबसाइट उघडलेली, मग पोर्टलचा पत्ता, एरर आणि कोपऱ्यातलं तारीख-घड्याळ. तासाभरानं दुसऱ्या सिमवरून पुन्हा तसंच. लगेच selfservice.gstsystem.in वर तक्रार आणि रात्री बारापूर्वी अधिकाऱ्याला उत्तराच्या पीडीएफसह ईमेल. अर्जात तक्रारीचा नंबर आणि प्रत्येक प्रयत्नाची वेळ लिहिली. त्याला मुदत मिळाली.

तुमच्याकडं कालचे स्क्रीनशॉट, ब्राउझरची हिस्ट्री असेल तर पुसू नका, तीच जोडा. आदेश निघालाच असेल तर मुदतवाढ नाही, अपील करावं लागेल.